बेअरिंगला दोष देण्याआधी

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘हार्ड डिस्कच्या बेअरिंगची झीज’. पण त्याआधी एक तक्रार मांडायची आहे, आणि तिला थोडा वेळ लागेल. डेस्कटॉपमधली डिस्क मध्येच थांबते, पुन्हा घरघरत सुरू होते, असं कुणी सांगितलं की ऐकणारा लगेच म्हणतो, “बेअरिंग गेलं, डिस्क बदला.” डिस्क उघडलेली नसते, काही मोजलेलं नसतं, निकाल मात्र लागलेला असतो. नवी डिस्क त्याच केबलला लागते आणि चार दिवसांनी तीही तेच करू लागते. मग दोष जातो नव्या डिस्कच्या कंपनीवर.

अहो, डिस्क स्वतःच हिशेब ठेवत असते. तो विचारा ना!

लिनक्सवर ही एक ओळ पुरते. विंडोजवर डिस्कच्या या नोंदी, म्हणजे स्मार्ट माहिती, दाखवणाऱ्या कुठल्याही साधनात हेच आकडे मिळतात.

```
sudo smartctl -n standby -A /dev/sda
```

मधला `-n standby` विसरू नका. झोपलेली डिस्क निव्वळ आपल्या चौकशीने जागी होऊ नये म्हणून तो आहे. उत्तरात बरेच आकडे येतील, आपल्याला तीन हवेत. क्रमांक 4, `Start_Stop_Count`, म्हणजे मोटर किती वेळा सुरू झाली. क्रमांक 12, `Power_Cycle_Count`, म्हणजे वीज किती वेळा जाऊन आली. आणि क्रमांक 192, `Power-Off_Retract_Count`, म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे हेड किती वेळा घाईघाईने मागे घ्यावे लागले. काही डिस्कवर शेवटच्याचं नाव थोडं वेगळं असतं, म्हणून क्रमांक पाहा.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. मशीन चालू असताना पहिलं वाचन: 4 वर 3120, 12 वर 908, 192 वर 640. मशीन बंद न करता दोन तासांनी दुसरं वाचन: 3141, 929, 661. तिन्ही 21 ने वाढले. मशीन एकदाही बंद झालं नाही, तरी डिस्कच्या दृष्टीने वीज एकवीस वेळा गेली. इथे बेअरिंगचा काही संबंध नाही, हा पॉवर कनेक्टरचा किंवा त्यामागच्या केबलचा दोष आहे. याउलट फक्त 4 वाढला असता आणि 12 व 192 जागेवर असते, तर कुणीतरी डिस्कला झोपायला सांगतंय, म्हणजे पॉवर सेव्हिंग.

इथे एक फट आहे, ती सांगतो. डिस्कला दोन व्होल्टेज लागतात: 5 व्होल्ट इलेक्ट्रॉनिक्सला, 12 व्होल्ट मोटरला. फक्त 12 ची पिवळी वायर ढिली असेल तर सर्किट 5 वर जिवंत राहतं आणि क्रमांक 12 हलेलच असं नाही. अशा वेळी पॉवर सेव्हिंग पूर्ण बंद करून पाहायचं. तरीही खेळ चालूच राहिला तर संशय पुन्हा वायरवर.

“पण मल्टिमीटरवर तर बरोबर 12 येतात!” हो, येणारच, आणि खरी गंमत तिथेच आहे. 3.5 इंची डिस्क फिरत असताना 12 व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेते, पण उभ्यावरून वेग घेताना दोन अँपिअरच्या आसपास. समजा, कनेक्टरच्या सैल झालेल्या पिनेत 0.3 ओहमचा रोध आला. फिरत्या डिस्कला 0.15 व्होल्ट कमी मिळतील, त्याने काही बिघडत नाही. सुरू होताना मात्र 0.6 व्होल्ट जातील, म्हणजे 12 चे 11.4. पॉवर सप्लायची नेहमीची पाच टक्क्यांची मुभा तिथेच संपते. रोध आणखी थोडा वाढला की डिस्क वीज अपुरी समजून हेड मागे घेते आणि मोटर सोडून देते. मोटर सुटली की करंट उतरतो, करंट उतरला की व्होल्टेज परत येतं, आणि डिस्क उत्साहाने पुन्हा सुरू होते. हेच ते चक्र! शिवाय त्या पिनेत सुरू होताना 1.2 वॅट उष्णता होते. उष्णतेने पिनेची पकड सैल पडते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते.

म्हणून मोजायचं ते डिस्क सुरू होतानाच, आणि त्याच कनेक्टरच्या मागच्या बाजूने, पिवळ्या व काळ्या वायरमध्ये. शेजारच्या मोकळ्या कनेक्टरवर मोजलं तर खराब पीन वाटेत येतच नाही. मीटरला किमान मूल्य धरून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, कारण घसरण क्षणभराची असते. उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालायची सवय नसेल तर मोजणी सोडा, केबल बदलून पाहा.

मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, कनेक्टर सरळ ओढून काढा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखादी पीन आत सरकलीय का, बघा. चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून साटा काढणारा जोड वाटेत असेल तर तो आधी काढून टाका. त्यातही ज्यांच्या वायरी प्लास्टिक ओतून बंद केलेल्या असतात, ते आत शॉर्ट होऊन जळतात. सप्लायमधून थेट येणारा साटा कनेक्टर द्या, मशीन सुरू करा, डेटाची प्रत काढा आणि मग दोन तासांनी तेच तीन आकडे पुन्हा वाचा.

थरथरीबद्दल थोडक्यात. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. शेजारी दुसरी डिस्क 7206 ने फिरत असेल तर दोघींची घुमघुम दर दहा सेकंदांनी चढते आणि उतरते. कानाला वाटतं, डिस्क थांबतेय नि सुरू होतेय. क्रमांक 4 मात्र ढिम्म. चारही स्क्रू घट्ट करा, एक डिस्क दुसऱ्या खणात हलवा.

घड्याळ दाखवताय, दिसलं मला! बेअरिंग पाच मिनिटांत उरकतो.

आजच्या डिस्कमध्ये छर्रे नसतात, तेलाचा पातळ थर असतो. दंड फिरू लागला की बारीक खाचा तेल ओढतात आणि धातू धातूला लागत नाही. झीज होते ती वेग येण्यापूर्वीच्या आणि थांबण्यापूर्वीच्या क्षणांत. म्हणजे सतत फिरण्यापेक्षा सुरू-बंद जास्त खातं. अनेक डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात 50,000 सुरू-बंद असा आकडा असतो. तो एकट्या बेअरिंगचा नाही, पण मापाला चालतो. डिस्क दहा मिनिटांत झोपवली आणि काहीतरी तिला दर पंधरा मिनिटांनी उठवत असेल, तर दिवसाला 96 वेळा. दीड वर्षाच्या आत आकडा संपला. दिवसातून चारदा असेल तर 34 वर्षं.

बेअरिंग खरंच गेलं असेल तर फिरतानाची किणकिण एकसारखी राहते, मध्येच थांबत नाही. अगदी जाम झालं तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि क्रमांक 10, `Spin_Retry_Count`, वाढतो. मात्र अपुऱ्या विजेनेही हा आकडा वाढतो, म्हणून वीज निर्दोष ठरल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

राहिला डिस्कला झोपवणारा टाइमर. विंडोजवर पहिली ओळ डिस्कची झोप पूर्ण बंद करते, लिनक्सवर दुसरी ती एका तासावर नेते.

```
powercfg /change disk-timeout-ac 0
sudo hdparm -S 242 /dev/sda
```

242 म्हणजे सेकंद नव्हेत. 240 पर्यंत एकक पाच सेकंदांचं असतं, पुढे 241 म्हणजे अर्धा तास आणि 242 म्हणजे एक तास. डिस्कची वीज गेली की hdparm चं हे मूल्य सहसा पुसलं जातं, म्हणून मशीन सुरू होताना ते आपोआप लागेल अशी सोय करून ठेवा.