खोकेवाल्याला ‘नाही’ कसं कळवायचं

(नागपुरातील लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांत बरेच जण हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले आहेत. म्हणजे कोटेशन मागवणं, तीन कोटेशनांचा तक्ता करणं, भाव पाडणं हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. मला बोलायचंय ते तक्ता झाल्यानंतरच्या कामाबद्दल. एकाला ऑर्डर जाते. उरलेल्या दोघांना काय जातं? बहुतेक ठिकाणी काहीच जात नाही. तो फोन करत राहतो आणि आपण ‘पाहून राहिलो भाऊ, कळवतो’ म्हणत राहतो.

एकच उदाहरण घेतो आणि त्याच्याच खोलात जातो. मी संत्र्याच्या एका पॅकिंग युनिटची खरेदी पाहत होतो तेव्हाचं. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात, त्यामुळे खोक्यांची बोलणी ऑगस्टमध्येच उरकावी लागतात. दहा किलोचं, पाच प्लायचं, बाजूला हवेची भोकं असलेलं कोरुगेटेड खोकं आम्ही ३४ रुपयांना घेत होतो. एका नव्या पुरवठादाराने ३१ रुपयांचं कोटेशन दिलं. अट अशी की हंगामासाठी २० हजार खोक्यांची ऑर्डर पक्की करायची आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यायची. सरळ हिशेबाने ६० हजार रुपये वाचत होते.

कोटेशनवर लिहिलं होतं ‘५ प्लाय, १५० जीएसएम’. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन. कागद किती दाबाला फाटतो ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी बीएफ, म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, लागतो. तोच कोटेशनवर नव्हता. फोन करून विचारलं, तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘साहेब, १४ बीएफ’. आमचं चालू खोकं १८ बीएफचं होतं. या धंद्यात एक सोपा हिशेब चालतो: जीएसएम गुणिले बीएफ, भागिले हजार. सपाट थरांचा आकडा पूर्ण धरायचा आणि नागमोडी थरांचा निम्मा. पाच प्लायमध्ये तीन सपाट आणि दोन नागमोडी थर असतात. १८ बीएफला एका थराचे २.७ येतात, म्हणून तीन सपाटांचे ८.१ आणि दोन नागमोडींचे मिळून २.७, एकूण १०.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. १४ बीएफने तोच हिशेब ८.४ वर येतो. दोन्ही खोकी काट्यावर सारखीच भरतात आणि हाताला सारखीच लागतात. फरक कळतो तो टेस्टरवर, नाहीतर कोलकात्याला जाणाऱ्या ट्रकच्या तळच्या थरात. ताजं फळ ओल सोडतं आणि ओलीने कागद आणखी नरम पडतो. तेव्हा निर्णय सोपा होता: घ्यायचं नाही. आता कळवायचं कसं?

पहिली गोष्ट वेळेची. निर्णय झाला त्याच दिवशी कळवायचं. हा शिष्टाचार आहेच, पण त्यामागे त्याच्या धंद्याचं गणितही आहे. खोकेवाला हंगामाआधी क्राफ्ट कागदाचे रीळ उचलतो, मशीनचे दिवस राखून ठेवतो. तुमच्या ‘पाहून राहिलो’वर त्याने तीन आठवडे काढले आणि मग नाही ऐकलं, तर ते दिवस त्याला दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत. अशा माणसाकडे पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, तर तो भाव देईल, पण आधी आपला धोका त्यात मिळवून देईल.

दुसरी गोष्ट कारणाची. आपल्याकडे स्थळ नाकारताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात. कुणी दुखावत नाही आणि कुणी वादही घालू शकत नाही. खरेदीत आपली पत्रिका म्हणजे ‘मॅनेजमेंटचा निर्णय आहे’ किंवा ‘सध्या बजेट नाही’. दोन्ही वाक्यांनी सुटका होते हे खरं, पण समोरच्याला पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही. ‘बजेट नाही’ म्हणालात की तो दुसऱ्या दिवशी ३० रुपयांचं कोटेशन पाठवतो, तेही १४ बीएफचंच. मग तुम्हाला दुसरं खोटं शोधावं लागतं.

म्हणून कारण खरं द्यायचं, आणि मोजता येईल असं द्यायचं. ‘क्वालिटी बरोबर नाही’ हे कारण नव्हे, तो शेरा झाला आणि माणसाला तो लागतो. ‘आम्हाला १८ बीएफ लागतो, आपलं कोटेशन १४ बीएफचं आहे’ हे कारण. यात त्याच्या मालाला वाईट म्हटलेलं नाही. १४ बीएफचं खोकं बिस्किटांना, कपड्यांना उत्तम चालत असेल. आमच्या कामाला ते पुरत नाही, इतकंच.

इथे एक बारकावा आहे. आमचे अडथळे दोन होते, कागद आणि आगाऊ रक्कम. पत्रात फक्त कागद लिहिला असता आणि त्याने धावपळ करून १८ बीएफचा कागद मिळवला असता, तर मग आम्ही म्हणणार, ‘पण ॲडव्हान्स जमणार नाही’. त्याला फसवल्यासारखं वाटलं असतं, आणि ते वाटणं योग्यच ठरलं असतं. ज्या गोष्टी न बदलल्यास व्यवहार होणारच नाही, त्या सगळ्या एकाच वेळी सांगायच्या. ज्या नुसत्या खटकतात त्या सोडून द्यायच्या. त्याच्या खोक्यावरची छपाई थोडी फिकी होती, ते मी लिहिलं नाही.

आणि दुसऱ्या पुरवठादाराचा भाव कधीही सांगायचा नाही. आज तुम्ही त्याला दुसऱ्याचा भाव सांगितलात, तर उद्या त्याचा भाव दुसऱ्याला सांगाल, हे त्याला लगेच कळतं.

आता तिसरी गोष्ट, जिथे भले भले घसरतात. दार उघडं ठेवायच्या नादात आपण लिहितो, ‘आपण १८ बीएफमध्ये ३३ रुपयांना दिल्यास आम्ही घेऊ’. वाचायला सौजन्य वाटतं. पण भारतीय करार कायदा, १८७२, त्याचं कलम ७ पाहा. स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. शर्त घातलीत की तुम्ही त्याचा प्रस्ताव स्वीकारलेला नसतो, तुम्ही स्वतःचा नवा प्रस्ताव ठेवलेला असतो. आता स्वीकारायचं की नाही हे त्याच्या हातात गेलं. त्याने उलट टपाली ‘मान्य’ लिहिलं, तर तुम्ही नकार देता देता ऑर्डर देऊन बसलात! निदान भांडण तरी उभं राहिलं. व्हॉट्सॲपवर सहज टाकलेल्या अंगठ्याचंही तेच. म्हणून भविष्याच्या वाक्यात ‘घेऊ’ लिहायचं नाही, ‘विचारात घेऊ’ लिहायचं, आणि खाली स्पष्ट लिहायचं की ही ऑर्डर नाही.

त्याच वेळी ते वाक्य पोकळही नको. ‘भविष्यात नक्की एकत्र काम करू’ याला काही अर्थ नाही. कधी, कशासाठी, कोणत्या अटीवर हे लिहिलं तरच त्याला पुढे काही करता येतं. आम्ही पाठवलेलं पत्र जवळपास असं होतं:

‘खोक्यांसाठी आपण दिलेले कोटेशन व नमुने मिळाले. आपण नमुने वेळेत दिलेत आणि कागदाची माहिती विचारताच मोकळेपणाने सांगितलीत, याबद्दल आभार. या आंबिया हंगामासाठी आम्ही आपला प्रस्ताव स्वीकारत नाही. कारणे दोन आहेत. आमच्या वापरासाठी सर्व थरांत किमान १८ बीएफचा कागद आवश्यक आहे, आपले कोटेशन १४ बीएफचे आहे. तसेच आम्ही आगाऊ रक्कम देत नाही, माल स्वीकारल्यापासून ३० दिवसांत पैसे देतो. या हंगामाचा निर्णय झालेला असल्याने सुधारित दर पाठवू नयेत ही विनंती. मृग बहारासाठी आम्ही जानेवारीत कोटेशन मागवू. वरील दोन्ही बाबी आपल्याला शक्य असतील, तर त्या वेळी टेस्ट रिपोर्टसह आपले कोटेशन आम्ही इतरांबरोबर विचारात घेऊ. हे पत्र म्हणजे ऑर्डर किंवा ऑर्डरचे आश्वासन नाही.’

‘आम्ही आपला प्रस्ताव स्वीकारत नाही’ हे वाक्य पाहा. ते पत्राच्या वरच्या भागात आहे आणि त्याच्या आसपास ‘खेद वाटतो’, ‘नाइलाज आहे’ असं काही नाही. नाइलाज नव्हताच, आम्ही निवड केली होती. आभारसुद्धा दोन ठरावीक गोष्टींचे आहेत. बीएफ विचारल्यावर खरं सांगणारा माणूस मला पुढे हवाच होता.

पत्र गेलं की फोन येतोच. आमच्याकडेही आला. ‘साहेब, काहून नाही म्हणता? अठ्ठावीस करून टाकतो, बोला!’ अशा वेळी नवं कारण काढायचं नाही, पत्रातलंच पुन्हा सांगायचं. ‘भाऊ, भावाचा प्रश्नच नाही. २८ मध्ये कागद १८ चा होते का?’ ‘नाही होत.’ ‘मग जानेवारीत या, रिपोर्ट घेऊन या.’ यापुढे फोनवर बोलणं वाढवलं नाही. बोलणं वाढलं की त्याला वाटतं अजून जागा आहे, आणि आपल्याही तोंडून ‘बघू’ निघून जातं.

राहिलेली कामं पटकन सांगतो, पण ती टाळू नका. त्याचे नमुने गेटपासवर परत करा किंवा ठेवून घेत असल्याचं कळवा. भोकांसाठी तुमच्या सांगण्यावरून त्याने पंचिंग डाय बनवली असेल, तर तिचे पैसे द्या. ऑर्डर दिली नाही म्हणून तो खर्च त्याचा ठरत नाही. त्याने काढलेलं ड्रॉइंग ज्याला ऑर्डर दिली त्याच्याकडे पाठवू नका. आणि जानेवारी लिहिलाय तर जानेवारीत त्याला खरंच मागणीपत्र पाठवा. त्या वर्षी आम्ही पाठवलं. त्याने १८ बीएफचं कोटेशन दिलं, भाव आमच्या जुन्या माणसापेक्षा थोडा वर होता. त्यामुळे मुख्य ऑर्डर पुन्हा मिळाली नाही, पण चाचणीसाठी ५०० खोकी त्याच्याकडून घेतली, आणि ती कसोटीला उतरली.

एका मित्राने चिठ्ठी पाठवली आहे: ‘ज्याच्याशी पुन्हा कधीच काम करायचं नाही, त्याला काय लिहायचं?’ समजा, टेस्ट रिपोर्टच खोटा निघाला. त्याला कारणही द्यायचं नाही आणि जानेवारीही द्यायचा नाही. ‘आपला प्रस्ताव मिळाला, आम्ही तो स्वीकारत नाही, नमुने परत नेण्याची व्यवस्था करावी.’ एवढंच. ‘पुढे पाहू’ हे सवयीने लिहिलं जातं, तेवढं मात्र इथे खोडून टाका.