दूध ओतून दारू उतरत नाही

(नव्या आई-बाबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. आजचा विषय सगळ्यांसमोर विचारायला अवघड जातो, म्हणून तो माझ्याकडे बहुतेक वेळा दाराशी, निघता निघता आणि हळू आवाजात येतो. "मॅडम, काल लग्नात थोडी घेतली होती. दूध पंपाने काढून ओतून दिलं. आता पाजू ना?" विचारणारी घाबरलेली असते. तिने रात्रभर बाळाला पावडरचं दूध दिलेलं असतं, आणि छाती दगडासारखी झालेली असते. या भीतीतली बरीचशी विनाकारण असते. जे खरोखर जपायला हवं, ते मात्र तिला कोणी सांगितलेलं नसतं.

दारू न घेणं बाळासाठी सगळ्यात सुरक्षित, हे पहिल्यांदाच सांगून टाकते. त्यात माझं दुमत नाही. पण आई घेणारच असेल किंवा घेऊन झाली असेल, तर तिला नीट हिशोब कळायला हवा.

अल्कोहोलचा रेणू अगदी लहान असतो. तो पाण्यात मिसळतो आणि पेशींच्या पडद्यांतून आरपार जातो. रक्तातून दुधात जायला त्याला अडथळा नसतो, तसा दुधातून रक्तात परत यायलाही नसतो. म्हणून दुधातलं प्रमाण जवळपास रक्तातल्या प्रमाणाइतकंच राहतं. समुद्राला भरती आली की खाडी चढते आणि ओहोटी लागली की उतरते, तसं हे आहे. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या ते एका तासात दुधातलं प्रमाण सगळ्यात वर जातं. जेवणाबरोबर घेतली तर त्याला तास-दीड तास लागतो. त्यानंतर यकृत जसं रक्त साफ करतं, तसं छातीत असलेलं दूधही आपोआप साफ होत जातं.

आता पंपाचं बघा. रक्तात दारू असताना तुम्ही दूध काढून ओतलंत, तर पुढचं दूध त्याच रक्तातून तयार होणार आणि त्यातही तेवढीच दारू असणार. पंपाने यकृताचा वेग वाढत नाही. भरपूर पाणी, काळी कॉफी, लिंबू सरबत यांनीही वाढत नाही. उलट रक्त साफ झालं की छातीत आधीपासून असलेलं दूध चांगलंच असतं, ते फेकायचं कारण उरत नाही. एक मेख मात्र लक्षात ठेवा. बाहेर काढून बाटलीत भरलेल्या दुधाचा रक्ताशी संबंध तुटलेला असतो. त्यामुळे अंमल असताना काढलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवलं तर त्यातली दारू तशीच राहते. छातीतलं दूध वेळेनुसार साफ होतं, बाटलीतलं होत नाही.

मग थांबायचं किती? इथे घोळ होतो, कारण इंटरनेटवर "एका ड्रिंकला दोन तास" असं वाचायला मिळतं. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडचा पेग, बाटली, ग्लास यांचा त्या मापाशी मेळ बसत नाही. आपल्या व्हिस्की-रममध्ये साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम आणि 60 च्या मोठ्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम. वाइनचा 150 मिलीचा ग्लास 15 ग्रॅमच्या आसपास जातो. बिअरला लोक हलकी समजतात. पण 650 मिलीची बाटली 8 टक्क्यांची स्ट्राँग असेल तर तिच्यात 40 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार छोटे पेग. "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणाऱ्या आईला म्हणूनच मी विचारते, कोणती आणि केवढी?

साठ किलो वजनाच्या बाईच्या रक्तात 10 ग्रॅम अल्कोहोलमुळे 100 मिली रक्तामागे साधारण 30 मिलीग्रॅमपर्यंत प्रमाण चढतं. शरीर ते तासाला 15 मिलीग्रॅमच्या आसपास उतरवतं. म्हणून साठ किलोच्या बाईने एका छोट्या पेगला दोन तास धरावेत. वजन पन्नास किलो असेल तर अडीच तास धरा. मोठ्या पेगला चार तास लागतात. स्ट्राँग बिअरची ती बाटली एकटीने संपवली तर आठ तास, म्हणजे जवळपास सगळी रात्र. हे अंदाज आहेत, प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं. म्हणून वेळ थोडी जास्तच धरा, कमी नको.

एक उदाहरण घेऊ. आई साठ किलोची, बाळ चार महिन्यांचं, संध्याकाळी नणंदेच्या लग्नाचं रिसेप्शन. तिला दोन छोटे पेग घ्यायचे आहेत. तिने दुपारीच थोडं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवावं, ताजं काढलेलं दूध तिथे चार दिवस टिकतं. साडेसातला बाळाला पोटभर पाजावं. पावणेआठला जेवणाबरोबर पहिला पेग, मग दुसरा, आणि तिथे थांबायचं. वीस ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे चार तास. पावणेबाराच्या सुमाराला दूध साफ झालं असं धरता येईल. बाळ मात्र साडेदहाला उठणार. तेव्हा बाबांनी फ्रीजमधलं दूध गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करावं आणि वाटी-चमच्याने पाजावं.

अकराच्या सुमाराला आईची छाती भरून येईल, ठणका लागेल. पंपाचं खरं काम इथे आहे. छाती हलकी वाटेल इतकंच दूध काढायचं आणि ते ओतायचं. छाती बराच वेळ दाटलेली राहिली तर गाठी होतात, सूज येते, ताप येतो, आणि दूध कमीही होऊ लागतं. तेवढ्यासाठी दूध काढणं योग्यच आहे. ते आपल्या आरामासाठी आणि दूध टिकावं म्हणून असतं, दारू उतरवण्यासाठी नसतं. मध्यरात्रीनंतर बाळ उठलं की सरळ अंगावर घ्या.

आणि फ्रीजमध्ये दूध ठेवलेलंच नसलं तर? साडेदहाला तिच्या 100 मिली रक्तामागे साधारण 20 मिलीग्रॅम उरलेलं असेल, आणि दुधातही तेवढंच. बाळाने 100 मिली दूध घेतलं तर त्याच्या पोटात सुमारे 20 मिलीग्रॅम अल्कोहोल जाईल, म्हणजे एका ग्रॅमचा पन्नासावा भाग. आई शुद्धीवर आहे, पाय डळमळत नाहीत, बाळाला नीट धरता येतंय, अशा वेळी भुकेल्या बाळाला एकदा पाजलं म्हणून अनर्थ होत नाही. मी हे मुद्दाम सांगते. अपराधीपणापोटी बायका अंगावरचं दूधच बंद करून टाकतात, आणि ते नुकसान या 20 मिलीग्रॅमपेक्षा खूप मोठं असतं.

पण हा हिशोब सगळ्या बाळांना लागू नाही. नवजात बाळाचं यकृत अल्कोहोल साधारण निम्म्या वेगाने उतरवतं. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत बाळ दर दीड-दोन तासांनी मागतं, मधे थांबायला जागाच नसते. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत, आणि वेळेआधी जन्मलेल्या किंवा वजन कमी असलेल्या बाळाच्या बाबतीत त्याहून जास्त काळ, मी आईला घेऊ नका असंच सांगते. रोज घेणाऱ्या किंवा एका बैठकीत खूप घेणाऱ्या आईलाही वेळापत्रक सांभाळून चालणार नाही. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपाळू असेल, पिण्यासाठी उठवूनही उठत नसेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांकडे जा आणि दारूचं लपवू नका.

"बिअरने दूध वाढतं" असं तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ऐकलं असेल. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि गॅरी बोशां यांनी 1991 मध्ये हे तपासलं. आयांना एकदा नुसता संत्र्याचा रस दिला आणि एकदा अल्कोहोल घातलेला. अल्कोहोलच्या दिवशी बाळांनी दूध कमी घेतलं. पुढे मेनेला यांच्याच अभ्यासात त्याचं कारणही दिसलं. अल्कोहोलने प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन वाढतं, त्यामुळे छाती भरल्यासारखी वाटते. पण पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन कमी होतं, म्हणून पान्हा उशिरा फुटतो. आईला वाटतं दूध वाढलं, आणि बाळाला मिळतं कमी. अल्कोहोल पोटात गेलेल्या बाळांची झोपही मोडते, हे त्यांनी वेगळं मोजून दाखवलं आहे.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते, आणि तिचा दुधाशी संबंध नाही. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं. इतर रात्री आई झोपेतही सावध असते, बाळ जरा हललं तरी तिला कळतं. दारूने नेमकी तीच जाग जाते. घेतलेल्या आईच्या किंवा बापाच्या शेजारी एकाच गादीवर बाळ झोपलं तर ते दबण्याचा, गुदमरण्याचा आणि अचानक मृत्यूचा धोका वाढतो. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागला तर तो आणखी वाढतो. ज्या रात्री दोघांपैकी कोणीही घेतली असेल, त्या रात्री बाळ पाळण्यात किंवा त्याच खोलीत वेगळ्या सपाट गादीवर, पाठीवर झोपवा. न घेतलेलं एक मोठं माणूस घरात जागेवर हवं. बाबांनी वाटी-चमचा हातात घ्यायचा असेल तर बाबांचा ग्लासही त्या दिवशी रिकामाच राहायला हवा.

शेवटी एका आजींनी चिठ्ठीत विचारलेला प्रश्न घेते. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देतात, त्यात दारू असते का? असते. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात, आणि त्यांच्यात तयार होणाऱ्या अल्कोहोलचा टक्का बाटलीवर छापलेला असतो. दहा टक्के धरला तरी 20 मिलीच्या मात्रेत दीड ग्रॅमच्या आसपास जातं, आणि ते उतरायला अर्धा तासही लागत नाही. वैद्यांनी दिलं असेल तर पाजून झाल्यावर घ्या, सांगितलेल्या मात्रेतच घ्या. थोडं जास्त घेतलं तर बरं, असं समजून झाकणाऐवजी पेला भरू नका. ब्रँडीचं मात्र तसं नाही. बाळंतिणीला गरम पडावं म्हणून काही घरांत रोज रात्री दोन चमचे ब्रँडी देतात. ती दारूच आहे, औषध नाही, आणि ती द्यायची काही गरज नाही.