मोटर चालू झाली, पण पाणी आलं का?

नमस्कार श्रोतेहो.

होळी झाली की आगरातल्या शिंपण्याची काळजी सुरू होते. घरात वयस्कर माणसं, मुलगा मुंबईला, विहीर आगराच्या पार खालच्या टोकाला, आणि वीज कधी येईल-जाईल याचा नेम नाही. म्हणून आता स्टार्टरशेजारी सिमकार्डाचा डबा बसवतात आणि मोटर फोनवरून चालू-बंद करतात. आज मी एवढंच सांगणार आहे की "मोटर चालू झाली" असा निरोप फोनवर येतो, तेव्हा विहिरीवर खरोखर काय घडलेलं असतं.

हा डबा मोटरला स्वतः वीज देत नाही, तो फक्त स्टार्टरची बटणं दाबतो. त्याच्या दोन वायरी हिरव्या बटणाच्या दोन टोकांना लावतात, आणि लाल बटणाची वायर त्याच्यातून फिरवून नेतात. अशी जोडणी असली की पुढे डबा काढून ठेवावा लागला तरी हातानं मोटर चालवता येते. वायरमनला तसं मुद्दाम सांगा.

आता साधा डबा काय करतो? बटण दाबतो आणि निरोप पाठवून मोकळा होतो. स्टार्टर ओढला की नाही, हे त्याला माहीत नसतं. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुधा दोनच फेजवर असते. तिसरा फेज गेलेला असला तरी ती ओढते, मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि तापते. खरं तर तिथे ओव्हरलोड रिलेनं तोडायला हवं, पण त्याची करंटची मर्यादा पुष्कळ ठिकाणी वर चढवून ठेवलेली असते. विहिरीवर उभा असलेला माणूस तो आवाज ऐकून धावत जाऊन बंद करील. मुंबईत बसलेल्या मुलाला तो ऐकू येत नाही. म्हणून तिन्ही फेज तपासणारा आणि मोटरचा करंट मोजणारा डबाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या निरोपात व्होल्ट आणि अँपिअर येतात, त्यावरून मोटरची हालत कळते.

करंटवरून पाण्याचाही अंदाज येतो. समजा, श्रीवर्धनकडच्या एका पोफळीच्या आगरात 3 एचपीची थ्री फेज मोटर विहिरीत बुडवून बसवली आहे. पाणी भरपूर असताना वायरमननं क्लॅम्प मीटर लावला, 4.8 अँपिअर आले. मग वरचा व्हॉल्व्ह काही सेकंदच बंद करून पाहिला, करंट 3 वर उतरला. विहीर आटली की असंच होतं: पंपाला उचलायला पाणी नसतं, भार जातो, करंट पडतो. आणि पाण्याविना फिरणारा पंप आतून तापून खराब होतो. तेव्हा ड्राय रनचा आकडा या दोहोंच्या मधे, 4 अँपिअरच्या जवळपास ठेवायचा. करंट त्याखाली दहाएक सेकंद राहिला तर डब्यानं मोटर स्वतःहून बंद करावी. हे माप दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा घ्या. व्होल्टेज चढलेलं असलं की कोरड्या मोटरचाही करंट थोडा चढतो, आणि आकडा फार खाली ठेवलेला असला तर ती बंदच होत नाही.

बंद झाल्यावर पुन्हा कधी चालू करायची, हेही डब्यात भरता येतं. एप्रिल-मे महिन्यात दोरी सोडून पाहा, झरे भरायला किती वेळ लागतो ते. दोन तास लागत असतील तर दोन तासच भरा. नाहीतर मोटर दर पाच मिनिटांनी उठेल आणि बसेल. समुद्रालगतच्या विहिरींना मात्र ड्राय रनचा भरवसा पुरत नाही. तिथे फार उपसा झाला की खारं पाणी ओढलं जातं, आणि करंटला गोडं-खारं कळत नाही. अशा विहिरीवर वेळेची मर्यादा घाला, पाणी असलं तरी ठरल्या वेळी मोटर थांबली पाहिजे.

वायफायचा डबा घरामागच्या विहिरीलाच ठीक. माडा-पोफळींतून ती रेंज लांब जात नाही. सिमचा डबा घेण्याआधी विहिरीवर उभं राहून त्याच कंपनीच्या फोनवर रेंज पाहा. डबा टूजी असेल तर फक्त फोरजी चालवणाऱ्या कंपनीचं सिम त्यात चालणार नाही. रिचार्ज संपला तरी डबा ऐकणं बंद करतो.

शेवटची गोष्ट फार कळकळीनं सांगतो. डबा ऑटोवर असला की वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते, आणि दूरवरून कुणी बटण दाबलं तरी सुरू होते. त्या वेळी गडी फूटव्हॉल्व्ह साफ करायला किंवा गाळ काढायला विहिरीत उतरलेला असू शकतो. मुंबईला फोन करून "आज चालू करू नको रे" एवढं सांगणं पुरेसं नाही. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढा, आणि विहिरीत उतरणाऱ्यानं ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. तो वर आल्यावर त्यानंच ते परत लावायचे.