पाव हिस्सा की एक एप्रिल?

मंडळी, पडद्यावर एक्सेलची कोरी शीट उघडली आहे. टक्के, अपूर्णांक आणि तो ई-प्लस-अकरा असलेला विचित्र आकडा, या तिघांबद्दल आज बोलायचं आहे. पण व्याख्या सांगत बसण्यापेक्षा एक हिशोबच मांडू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण अशी प्रकरणं तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर येत असतील.

चार भावंडांची सामाईक जमीन रस्त्यात गेली. मोबदला ४८ लाख. प्रत्येकाचा पाव हिस्सा. त्यातला एक भाऊ आधीच वारलेला, त्याच्या मागे पत्नी आणि पाच मुलं. म्हणजे त्याच्या पाव हिश्श्याचे सहा समान भाग, प्रत्येकी एक चोविसांश. त्यातल्या एका मुलीनं हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा थोरल्या काकांच्या नावे केला. (हक्क सोडणारी बहुतेक वेळा मुलगीच का असते, तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.) तेव्हा थोरल्या काकांचे झाले सात चोविसांश, दोन भावंडांचा पाव-पाव, आणि उरलेल्या पाच वारसांचा एकेक चोविसांश. एकूण आठ नावं.

आता मी B2 मध्ये पाव हिस्सा टाकतो. `1/4` लिहिलं, एंटर मारलं. काय आलं? `01-Apr`. आपल्याकडच्या संगणकांवर दिवस आधी, महिना नंतर अशी मांडणी असते, म्हणून एक्सेलनं एक एप्रिल वाचलं. अमेरिकन मांडणी असती तर चार जानेवारी झालं असतं. सातबाराचा आकडा टाकून बघा, `7/12` म्हणजे सात डिसेंबर होतो.

आपण काय करतो? चूक दिसली की त्या सेलचं फॉर्मॅट बदलून अपूर्णांक करतो. करून बघू. आता तिथे 46113 आलं. हा आकडा कुठून आला? एक्सेल तारीख म्हणून दिवसांचा अनुक्रमांक साठवतं, १ जानेवारी १९०० ला एक धरून. १ एप्रिल २०२६ चा अनुक्रमांक ४६११३. सेलमध्ये पाव कधी गेलाच नाही, तिथे ४६११३ गेलं. फॉर्मॅट फक्त दाखवण्याची पद्धत बदलतं, आत साठवलेला आकडा बदलत नाही. चुकीचं वाचलं गेलं असेल तर फॉर्मॅट बदलून उपयोग नाही, पुन्हा टाइपच करावं लागतं.

आणि ही चूक सेलमध्येच थांबत नाही. या सेलला ४८ लाखांनी गुणलं आणि उत्तराचा सेल जनरल असेल तर तिथे `2.21342E+11` दिसतं. म्हणजे बावीस हजार कोटींच्या वर रक्कम. पाव हिश्श्याची! शेतकऱ्याचं भलं झालं असतं. हा ई असलेला आकडा दिसला की घाबरून कॉलम रुंद करू नका. रुपयांच्या हिशोबात तो आला म्हणजे बहुतेक वेळा मागे कुठेतरी तारीख घुसली आहे. मूळ सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये बघा, आत खरं काय आहे ते तिथे दिसतं.

मग बरोबर कसं टाकायचं? शून्य, एक जागा, मग अपूर्णांक: `0 1/4`. दीड टाकायचा तर `1 1/2`. ते शून्य म्हणजे पूर्णांकाची जागा, ती भरली की एक्सेलला तारखेचा संशय येत नाही. सगळा कॉलमच अपूर्णांकांचा असेल तर टाइप करण्याआधी तो निवडून `Ctrl+1` दाबा, `Fraction` निवडा. मग नुसतं `1/4` लिहिलं तरी चालतं. आधी फॉर्मॅट, मग आकडा. उलट केलंत तर ४६११३ भेटतो.

पण `Fraction` मध्ये गेल्यावर यादी उघडते आणि तिथे लोक पहिलाच पर्याय ठेवतात: `Up to one digit`, म्हणजे छेद एकाच अंकाचा. या फॉर्मॅटच्या सेलमध्ये थोरल्या काकांचे `7/24` टाकतो. बघा, दिसतंय `2/7`. चोवीस हा छेद एका अंकात बसत नाही, म्हणून एक्सेलनं जवळचा अपूर्णांक दाखवला. फॉर्म्युला बारमध्ये मात्र 0.291666666666667 आहे, म्हणजे आत सात चोविसांशच आहेत आणि रक्कम बरोबर १४ लाखच निघेल. गडबड होते ती छापील कागदावर. वारसांना दिलेल्या तक्त्यात काकांपुढे दोन सप्तमांश छापलं जाईल आणि एक चोविसांशवाल्यांपुढे चक्क शून्य. भांडणाला एवढं पुरतं. इथे `Up to two digits` निवडायचं.

(श्रोत्यांतून प्रश्न: जुन्या उताऱ्यावर आणे-पै असतात, त्याचं काय?)

चांगलं विचारलंत. यादीत `As sixteenths` असा पर्याय आहे, सोळावा भाग म्हणजे आणा, म्हणून आपल्यातले काहीजण तो वापरतात. पण काकांचा हिस्सा त्यात `5/16` दिसेल, म्हणजे पाच आणे. खरा हिस्सा चार आणे आठ पै. सोळाव्यात पै मावत नाहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे एकशे ब्याण्णव पै. तेव्हा `Custom` मध्ये जाऊन `# ???/192` असं लिहा. काकांपुढे `56/192` येईल, म्हणजे छप्पन्न पै. आता B2 मध्ये काकांचे सात चोविसांश धरा. आणे आणि पै वेगवेगळ्या कॉलममध्ये हवे असतील तर:

```
=QUOTIENT(ROUND(B2*192,0),12)
=MOD(ROUND(B2*192,0),12)
```

पहिल्यात ४, दुसऱ्यात ८. याला मर्यादा आहे. पाच समान वारस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३८.४ पै येतात. तक्ता प्रत्येकापुढे अडतीस दाखवेल, बेरीज एकशे नव्वद, दोन पै गायब. अशा ठिकाणी आणे-पै फक्त उताऱ्याशी ताडून बघायला ठेवा, रक्कम काढायची ती अपूर्णांकावरून.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, सरळ टक्के टाकू. टाकून बघू. सात चोविसांश म्हणजे २९.१७ टक्के, एक चोविसांश म्हणजे ४.१७ टक्के. काकांना १४,००,१६०. पाच वारसांना प्रत्येकी २,००,१६०. दोन भावंडांना बारा-बारा लाख. बेरीज ४८,००,९६०. वाटायला रक्कम ४८ लाख, वाटली नऊशे साठ रुपये जास्त. कारण `29.17%` हाताने टाइप केलं की आत २९.१७ टक्केच जातात, सात चोविसांश जात नाहीत. त्याऐवजी `0 7/24` टाइप करून मग त्या सेलला टक्क्यांचं फॉर्मॅट दिलं, तर दिसेल २९.१७ टक्केच, पण आत सात चोविसांश राहतील आणि पैसा इकडचा तिकडे होणार नाही. म्हणून हिस्सा अपूर्णांकात ठरला असेल तर टाइप अपूर्णांकातच करायचा, दाखवायचा तसा दाखवा. आठही सेलखाली `=SUM(B2:B9)` घाला. तिथे एक आला पाहिजे.

टक्के कुठे घालायचे? जिथे नियमच टक्क्यांत आहे तिथे. तुमच्यात गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार बरेच दिसतात. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरसाल धरला आहे, दुरुस्ती-देखभाल निधी ०.७५ टक्के. बांधकाम खर्च बारा लाख असेल तर वर्षाला तीन हजार आणि नऊ हजार.

कोऱ्या सेलमध्ये चिन्हासकट `0.25%` लिहा, प्रश्न नाही. पण सेलला आधीच टक्क्यांचं फॉर्मॅट असेल आणि तुम्ही नुसतं `0.25` लिहिलंत तर एक्सेल त्याचे पंचवीस टक्के करतं. तिथे एक किंवा त्याहून मोठा आकडा टाकला तर तो तसाच टक्के धरला जातो, `18` चे अठरा टक्के होतात, पण एकाहून लहान आकड्याला शंभरानं गुणलं जातं. त्यामुळे अठरा बरोबर आलं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि सिंकिंग फंड तीन हजारांऐवजी तीन लाख लागतो. एक टक्क्याच्या आतला दर असेल तर चिन्ह हातानेच घाला. उलट बाजूने, साध्या सेलमध्ये आधी `18` टाकून मग वरचं टक्क्याचं बटण दाबलं तर १८०० टक्के होतात. असा कॉलम आधीच भरला असेल तर पुन्हा टाइप करू नका. एका रिकाम्या सेलमध्ये `100` लिहा, तो कॉपी करा, कॉलम निवडून `Paste Special` मधलं `Divide` वापरा, आणि शेवटी टक्क्यांचं फॉर्मॅट द्या.

ते बटण दशांशस्थळं दाखवत नाही, हेही लक्षात असू द्या. ०.२५ टक्के तिथे `0%` दिसतात आणि ०.७५ टक्के `1%`. सभासद विचारतो, शून्य टक्क्याचे तीन हजार कसे? `Increase Decimal` दोनदा दाबा.

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर हजार, अधिक, अठरा टक्के असं दाबलं की ११८० येतात. ती सवय इथे चालत नाही. `=1000+18%` चं उत्तर १०००.१८. इथे `=1000*(1+18%)` लिहावं लागतं.

राहिला तो ई. `6.022E23` असं लिहिलं की सहा दशांश शून्य दोन दोन गुणिले दहाचा तेविसावा घात. रसायनशास्त्रात, सूक्ष्मजीवांच्या मोजणीत, जिथे एकाच कॉलममध्ये हजारही असतात आणि अब्जही, तिथे हे फॉर्मॅट स्वतःहून निवडावं. आपल्या कामात ते न बोलावता येतं. जनरल सेलमध्ये बारा अंकी आधार क्रमांक टाकला की `E+11` होतो. तिथे अजून काही बिघडलेलं नसतं, `Number` करून दशांशस्थळं शून्य केली की बाराही अंक परत दिसतात. पण काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकं साठवतं, सोळाव्याच्या जागी शून्य येतं आणि तो अंक परत मिळत नाही. इमारतीच्या ई विंगमधल्यांनाही हा त्रास आहे: सदनिका `3E2` लिहिली की `3.00E+02` होते, म्हणजे तीनशे.

ज्या आकड्यांची कधी बेरीज करायची नाही, खाते क्रमांक, आधार, सदनिका, गट-हिस्सा क्रमांक, ते आकडे नव्हेतच. त्या कॉलमला टाइप करण्याआधी `Text` फॉर्मॅट द्या, किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह घाला, `'3E2` असं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत `Options` मधल्या `Data` मध्ये लांब आकडे आणि ई यांचं आपोआप रूपांतर बंद करता येतं. `1/4` ची तारीख होणं मात्र त्यानं थांबत नाही, तिथे शून्य आणि जागा हाच उपाय.