गोळी सोसत नाही, हे कधी म्हणायचं?

परवा ओपीडीत एक बाई आल्या. वय 58, मधुमेह, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 160. ते उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली अटोरव्हास्टॅटिन 40 सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मांड्या भरून यायला लागल्या, जिना चढताना कठडा धरावा लागे. त्यांनी गोळी बंद केली आणि फाइलवर कुणीतरी लिहून टाकलं, ‘स्टॅटिन चालत नाही’. मला हे वाक्य खटकतं. एक गोळी, एक डोस, तेवढ्यावर निकाल?

अमेरिकेतल्या नॅशनल लिपिड असोसिएशनने 2022 साली स्टॅटिन न सोसण्याची, म्हणजे असहिष्णुतेची, व्याख्या नेमकी केली. कमीत कमी दोन वेगवेगळी स्टॅटिन घेऊन पाहायची, त्यातलं एक तरी रोजच्या सर्वांत कमी मान्य डोसात. औषध बंद केल्यावर किंवा डोस उतरवल्यावर त्रास कमी झाला पाहिजे. काही डोस सोसतो पण पुरेसा नाही, ती अंशतः असहिष्णुता. कुठलाच सोसत नाही, ती पूर्ण.

म्हणून आम्ही आधी सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, आणि थायरॉइड तपासलं. थायरॉइड मंदावलं असेल तरी स्नायू दुखतात. दोन्ही ठीक होतं. तीन आठवडे गोळीला सुट्टी दिली, दुखणं गेलं. मग रोसुव्हास्टॅटिन 5 रोज. दीड महिना बरा गेला, पुन्हा मांड्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनच्या सॅमसन अभ्यासात स्टॅटिन सोडून दिलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने बिनऔषधी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला जवळपास 90 टक्के बिनऔषधी गोळीवरही झाला. याचा अर्थ दुखणं खोटं नव्हे. ते खरंच दुखतं, कारण मात्र बहुतेकदा गोळीतलं औषध नसतं. हे बाईंना सांगितलं, तेही ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं न म्हणता.

मग रोसुव्हास्टॅटिन 5, फक्त सोमवार आणि गुरुवार. या औषधाचं अर्धायुष्य सुमारे 19 तासांचं, म्हणून मधल्या दिवसांतही थोडा परिणाम रेंगाळतो. सिम्व्हास्टॅटिन दोन-तीन तासांत अर्ध्यावर येतं, त्याला हा खेळ जमत नाही. एक सूचना: गुरुवार चुकला तर शुक्रवारी एक घ्या, दोन नव्हे. बाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या.

दोन महिन्यांनी एलडीएल 120, मांड्या शांत. पण मधुमेहाला हे पुरेसं नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारं, पण स्टॅटिन नसलेलं एझेटिमाइब 10 जोडलं, एलडीएल 96 वर आलं. स्टॅटिन आठवड्यातून दोनदा दिल्याने हृदयविकार टळतो, असं दाखवणारी मोठी चाचणी नाही. आपण एलडीएल उतरल्यावर भरवसा ठेवतो, एवढंच. आमचं लक्ष्य 70 च्या खाली आहे, तेव्हा पुढची पायरी बेंपेडोइक ॲसिड या स्टॅटिन नसलेल्या आणखी एका गोळीची. आणि फाइलवर आता लिहिलंय: ‘अंशतः असहिष्णुता, रोसुव्हास्टॅटिन 5 आठवड्यातून दोनदा सोसतं’. मात्र लघवी चहासारखी गडद झाली किंवा बसलेल्या जागेवरून उठता येईना, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी फोन करायचा.