डायरीच्या फोटोतले "१ तास ३० मि.", "२.१५", "पावणेतीन" यांची एकूण मिनिटं कशी काढायची

नमस्कार मंडळी. आज एकच काम करायचंय पण नीट करायचंय. जेसीबी भाड्याने लावणारे, ट्रॅक्टरवाले, बोअरवाले, सगळ्यांकडे हे होतं, ऑपरेटर आठवडाभर डायरीत तास लिहितो आणि शनिवारी रात्री त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, आणि त्या पानावर प्रत्येक दिवशी वेळ वेगळ्याच पद्धतीने लिहिलेली असते. हे बघा.

(स्क्रीनवर पान)

सोमवार १ तास ३० मि. मंगळवार २.१५. बुधवार पावणेतीन तास. गुरुवार ११.३० ते १.१५. शुक्रवार ४५ मि. आणि शनिवार १.५. झालं, सहाच ओळी आहेत. आता बरेच जण काय करतात, सोमवारचं १.३० करतात, बुधवारचं २.४५, गुरुवारचं १.४५, शुक्रवारचं ०.४५, आणि सरळ कॅल्क्युलेटरवर बेरीज मारतात. उत्तर येतं ९.३०. आणि हे ९.३० दिसायला एकदम बरोबर दिसतं ना, साडेनऊ तास, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. पण खरे तास साडेदहा आहेत. पूर्ण एक तास गायब. तासाला समजा १२०० रुपये रेट असेल तर १२०० रुपये गेले, मशीन मालकाचे.

का झालं असं? कॅल्क्युलेटरला पॉइंटच्या पुढचे आकडे मिनिटं आहेत हे माहीतच नसतं, तो १०० भरले की एक पुढे ढकलतो आणि आपला तास ६० ला भरतो. म्हणून बेरीज करायच्या आधी प्रत्येक ओळीची मिनिटं करायची, आणि मगच बेरीज. हा क्रम उलटा करायचा नाही.

आता ओळीने घेऊ. सोमवार सोपा, ६० अधिक ३०, म्हणजे ९०. शुक्रवार तर मिनिटांतच आहे, ४५. बुधवार पावणेतीन, म्हणजे तीनला १५ मिनिटं कमी, १८० वजा १५, १६५. इथे नवीन मुलं, जी हिशोबाला बसतात आणि शाळा इंग्रजी मीडियमची, ती पावणेतीनचं ३.४५ करून टाकतात, त्यांना एकदा सांगून ठेवा की पावणे म्हटलं की पुढच्या आकड्यातून १५ वजा, सव्वा म्हटलं की त्याच आकड्यात १५ मिळवायचे. नुसता सव्वा तास असेल तर ७५, दीड ९०, अडीच १५०.

गुरुवारी त्याने तास लिहिलेच नाहीत, कधी सुरू केलं कधी बंद केलं तेवढंच लिहिलंय. ११.३० ते १.१५. दुपारचे १२ ओलांडलेत म्हणून १.१५ ला १३.१५ धरायचं, १३.१५ म्हणजे ७९५ मिनिटं, ११.३० म्हणजे ६९०, वजा केले की १०५. पण मध्ये जेवण झालं का हे या ओळीत कळत नाही, ते विचारावंच लागतं. इथे मी विचारलंय असं धरू आणि जेवण दीडनंतर होतं, म्हणून १०५ कायम.

आता खरी गंमत पॉइंटची आहे, आणि आजचा व्हिडिओ मुळात याच्यासाठीच आहे. मंगळवारचं २.१५ आणि शनिवारचं १.५. दोन्हीत पॉइंट आहे, पण पॉइंटचा अर्थ एकच आहे का?

नाही. हातातल्या घड्याळावरून लिहिणारा माणूस २.१५ लिहितो तेव्हा त्याला दोन तास पंधरा मिनिटं म्हणायचं असतं. पण मशीनवर जे आवर मीटर असतं, इंजिन चालू असलं की पुढे सरकणारं, ते सहसा तासाचे दहा भाग दाखवतं. मीटरचा एक पॉइंट म्हणजे ६ मिनिटं. मीटर बघून लिहिलेलं १.५ म्हणजे दीड तास, ९० मिनिटं. तेच जर घड्याळावरून असेल तर एक तास पाच मिनिटं, ६५, किंवा त्याने शून्य खाल्लं असेल तर एक तास पन्नास, ११०. म्हणजे एकाच १.५ चे ६५, ९० आणि ११०, आणि दोन टोकांमध्ये ४५ मिनिटांचा फरक, आपल्या रेटने ९०० रुपये.

मग ठरवायचं कसं? अंदाजाने नाही. आख्खं पान बघायचं. पानावर कुठे पॉइंटपुढे ३० किंवा ४५ दिसतं का? दिसलं तर तो माणूस मिनिटं लिहितोय. ७५ दिसतंय का? मग तो तासाचे भाग लिहितोय, कारण पंचाहत्तर मिनिटं पॉइंटपुढे कोणी लिहीत नाही. २५ किंवा ५० दिसलं तर त्या एकट्या ओळीवरून काहीच कळत नाही, दुसऱ्या ओळी बघाव्या लागतात. आणि पॉइंटपुढे एकच आकडा असेल तर मीटरची शक्यता जास्त, पण शक्यताच, खात्री नाही.

आपल्या पानावर खात्री मिळते. शनिवारच्या ओळीत कोपऱ्यात बारीक अक्षरात मीटर लिहिलंय, सुरू ४३१८.६, बंद ४३२०.१. वजा करा, १.५. म्हणजे शनिवारी त्याने मीटरचा फरक लिहिलाय, ९० मिनिटं. आणि हे मीटर पॉइंटपुढे दोन आकडे दाखवत नाही, म्हणून मंगळवारचं २.१५ मीटरचं असूच शकत नाही, ते घड्याळाचं, १३५. एक लक्षात ठेवा, मीटर नुसतं इंजिन चालू ठेवून उभं असलं तरी पळतं, त्यामुळे बोलणी मीटरवर झालीत का प्रत्यक्ष कामावर ते गिऱ्हाइकाशी आधीच ठरलेलं पाहिजे.

बेरीज. ९०, १३५, १६५, १०५, ४५, ९०. एकूण ६३०. भागिले ६०, साडेदहा तास, १२६०० रुपये.

आता फोटोबद्दल. रेघांच्या वहीत पॉइंट रेघेवर पडला की फोटोत दिसतच नाही, २.१५ चं २१५ होतं, आणि २१५ मिनिटं म्हणजे तीन तास पस्तीस, दिवसभराच्या कामाला हेही पटण्यासारखं आहे म्हणून तर पकडायला अवघड. फोटो झूम करून २ आणि १ मधली जागा १ आणि ५ मधल्या जागेशी ताडून बघा. दुसरं म्हणजे मराठी १ आणि इंग्रजी 9. घाईत लिहिलं की सारखेच दिसतात, आणि "१ तास" चे नऊ तास झाले तर ६० चे ५४०. यावर माझा आवडता उपाय म्हणजे तारखेचा कॉलम. तारखा ओळीने येतात, कुठल्या ओळीत कुठला आकडा असणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, म्हणून तिथे बघून घ्या की हा माणूस एक कसा काढतो, पाच कसा, सात कसा, आणि मग तासाच्या कॉलमकडे जा. यासाठी ऑपरेटरला सांगा की फोटो सरळ वरून काढ आणि पान पूर्ण येऊ दे, तारखा कापू नकोस.

गुगल शीटमध्ये टाकताना डायरीत जसं लिहिलंय तसं पहिल्या कॉलममध्ये ठेवा, पण तो कॉलम आधी `Plain text` करून घ्या, नाहीतर १.३० टाकलं की शीट त्याचं १.३ करते आणि मग मीटरचं होतं का घड्याळाचं हे सांगणारा शून्यच जातो. बाजूला तास B मध्ये, मिनिटं C मध्ये, तुम्ही स्वतः वाचून भरायची, आणि D मध्ये एवढंच.

```
=B2*60+C2
```

पावणेतीनला B मध्ये २, C मध्ये ४५. मीटरच्या १.५ ला B मध्ये १, C मध्ये ३०. ज्या ओळीचा निकाल लागत नाही तिची B, C रिकामी ठेवा, पिवळी करा आणि ऑपरेटरला त्या एकाच ओळीचा फोटो परत पाठवून विचारा, "हे घड्याळाचं का मीटरचं?" त्याचं उत्तर येईपर्यंत बिल पाठवू नका.