मूठ वळते, पण कोपर वाकत नाही

नमस्कार श्रोतेहो.

अडीच महिन्यांच्या नातवाला घेऊन एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. जन्मलं तेव्हा बाळ सव्वाचार किलोचं. जन्मताना डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, उजवा हात उचलतच नाही बघा. पण बोट दिलं की घट्ट धरतो." निम्मं निदान त्यांनीच सांगून टाकलं होतं.

हाताच्या नसा मानेत पाच मुळांनी सुरू होतात. वरून खाली मोजत यायचं : सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१. वरची दोन मुख्यतः खांदा उचलतात आणि कोपर वाकवतात. मधलं सी-७ कोपर सरळ करायला आणि मनगट वर उचलायला मदत करतं. मूठ आणि बोटांची बारीक कामं खालच्या दोघांची. या बाळाचा दंड अंगालगत आत वळलेला, कोपर सरळ आणि तळवा मागे होता. वरची दोन मुळं ताणली गेली होती, खालची शाबूत होती.

उलट खांदा हलतो पण बोटं लुळी, असं असेल तर खालची मुळं दुखावलेली असतात. अशा वेळी मी आधी डोळा बघतो. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली बारीक दिसली, तर टी-१ मज्जारज्जूपासून उपटलं गेल्याची दाट शंका येते, कारण डोळ्याकडे जाणारे काही तंतू त्याच वाटेनं निघतात.

ताणलेली नस बऱ्याच बाळांत आपोआप सावरते. आमची नजर असते ती तीन महिन्यांच्या टप्प्यावर : कोपर वाकतं का? तोवर सांधा आखडू नये म्हणून कोपर अंगालगत ठेवून हात हलकेच बाहेर वळवायचा. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना मात्र हात ओढू देऊ नका. या बाळानं तीन महिने उलटता उलटता मूठ तोंडाकडे नेली, तेव्हा आजींचे डोळे भरून आले.

दुचाकीवरून पडलेल्या तरुणाचं तसं नसतं. खांदा रस्त्यावर आदळतो, मान दुसरीकडे फेकली जाते आणि मूळ मज्जारज्जूतूनच उपटतं. ते वाट बघून जुळत नाही. बधिर हातात जळजळ, विजेसारख्या कळा येत असतील, तर ही शंका घ्यावी. मग दुसरी नस उसनी घ्यावी लागते : मुठीच्या चांगल्या नसेतले थोडे तंतू काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडतात. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुन्हा जागा होत नाही. म्हणून ही शस्त्रक्रिया शक्यतो तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवी. होतं काय, मोडलेल्या पायाच्या प्लास्टरकडे सगळं घर बघत असतं आणि झोळीतला हात आठव्या महिन्यात माझ्यासमोर येतो. पाय मोडलेला असला, तरी पहिल्याच आठवड्यात त्याला कोपर वाकवायला सांगा.